इस्क्रमचं दूध

आमच्या घरात अंड्याला हात लावायचा मान यांचा होता. यांचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा, प्रेमानंदांचा. रेल्वेच्या साहेबांच्या विश्रामगृहात यांनी चौतीस वर्षं स्वयंपाक केला. आठवडाभर साहेबांसाठी आणि रविवारी सकाळी आमच्यासाठी. मी वरण-भात, भाकरी, भाज्या सगळं करी, पण रविवारची अंडी यांची. अजनीच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर इतकं लहान की दोघं आत उभे राहिलो तर दार लागत नसे. मला बाहेर काढून हे म्हणत, "तू बस वं तिथी. साहेबाच्या मेमसारखी बस. मी प्लेट आणून देतो."

साहेबांच्या 'स्क्रॅम्बल्ड एग'ला हे इस्क्रम म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो. पिवळं, मऊ, दाटसर, चमच्यावरून घसरता घसरता थांबणारं. दात नसलेल्या माझ्या सासूबाई ते नुसत्या जिभेनं खात.

गेल्या दिवाळीनंतर यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे माणूस आतून तोच आहे, सगळं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. तीन-चार शब्द उरले. "हो", "नाही", "अरे" आणि कधीतरी भलताच एखादा. गिळायलाही त्रास होऊ लागला. हॉस्पिटलमध्ये गिळण्याचे व्यायाम शिकवायला एक मुलगी होती. तिनं मला बसवून सांगितलं, "आजी, मऊ आणि ओलसर द्या. पण वर पाणी सुटलेलं नको, ते श्वासात जातं. कोरडं, भुसभुशीतही नको." डॉक्टर म्हणाले, वजन सहा किलो उतरलं आहे. पुढच्या सोमवारपर्यंत असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालू.

मी खिमट दिलं, कुस्करलेला भात दिला, केळं दिलं. दोन घास झाले की हे तोंड फिरवत. आयुष्यभर दुसऱ्यांना खाऊ घातलेला माणूस ताटाकडे पाठ करून बसे. म्हणून एका सकाळी मी ठरवलं, इस्क्रम करायचं.

पन्नास वर्षं खाल्लं, पण केलं एकदाही नव्हतं. मला येत होती ती भुर्जी. आईनं शिकवलेली. गॅस मोठा, तेल कडक, कांदा-मिरची, वरून अंडी, भराभर हलवायचं आणि मीठ सगळ्यात शेवटी. आई म्हणे, आधी मीठ टाकलं की अंड्याले पाणी सुटते. मी कांदा-मिरची वगळली आणि बाकी तसंच केलं. दोन मिनिटांत रबराचे तुकडे झाले. यांनी एक तुकडा तोंडात घेतला, खूप वेळ चावला आणि हळूच बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "दूध."

इतक्या दिवसांनी नवीन शब्द! मला आनंद झाला. सूनबाई श्वेता धावत आली. तिनं लगेच मोबाईलवर पाहिलं. "आई, खरंच. कितीतरी लोक दूध टाकतात. मऊ होते मनतात."

दुसऱ्या दिवशी दोन अंड्यांत दोन चमचे दूध टाकलं. किंचित मऊ झालं, पण हे पुन्हा म्हणाले, "दूध." तिसऱ्या दिवशी मी पाव कप टाकलं. आच तीच, मोठी. अंडं आवळून आलं आणि त्यातून फिकं पाणी सुटून प्लेटभर पसरलं. यांनी घास घेतला, ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकत राहिले. श्वेतानं पाठ चोळली. खोकला थांबला तेव्हा यांनी डाव्या हातानं प्लेट ढकलली. रागानं, अगदी पूर्वीच्या रागानं म्हणाले, "दूध! दूध!"

"अजून किती दूध टाकू जी?" मी ओरडले. मग लाज वाटली. मोरीत जाऊन प्लेट धुतली.

तो शुक्रवार होता. सोमवार जवळ आला होता.

शनिवारी सकाळी नत्थूभाऊ आले. हे विश्रामगृहात स्वयंपाक करत तेव्हा नत्थूभाऊ तिथे साहेबांना वाढायचं काम करत. आता सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, तरी लकडगंजहून आमच्या हुडकेश्वरच्या घरी बस बदलून येतात. दारातूनच "जयभीम वैनी" म्हणाले आणि यांच्या खांद्यावर थाप मारली. "काय गा उस्ताद, सोताले उपाशी ठेवून राहिला म्हणे?"

यांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. ते हसणं होतं.

मी चहा दिला आणि अंड्याची हकीकत सांगितली. दूध कमी पडतं की जास्त, गाईचं लागतं की म्हशीचं, साय टाकायची का, सगळं विचारलं. नत्थूभाऊंनी बशी खाली ठेवली.

"काहून टाकता दूध? उस्तादनं इस्क्रममंधी थेंबभर दूध टाकलं असंन तर माह्यं नाव बदला."

"पण तेच तर मागून राहिले. रोज मनतात."

नत्थूभाऊ जोरात हसले, इतके की यांनीही मान वळवली. "अवं वैनी! ते टाकाचं दूध नाही, दिसाचं दूध आहे. मीबी फसलो होतो. पयल्या दिवशी आतून आवाज आला, 'नत्थू, दूध!' मी चहाच्या दुधाचं भांडं घेऊन पळालो. यानं असं पाह्यलं मले! मने, दूध काहून आणलं बे, प्लेट आण. कढईतलं अंडं घट्ट होऊन राहते, पण वरून ओलं, दुधावानी चमकते, त्याले हा दूध मने. दूध दिसलं का उतरवाचं. मग गरम प्लेट घेऊन मी उभा पाहिजे. अर्धा मिनिट उशीर झाला तर माह्या बापाचा उद्धार."

मी यांच्याकडे पाहिलं. "असं आहे जी?"

"हो," हे म्हणाले. "हो, हो." आणि डोळे मिटून मान मागे टेकली. तीन दिवस एकच गोष्ट सांगून थकलेला माणूस टेकवतो तशी.

मग मला एकेक आठवू लागलं. बाहेर मेमसाहेबासारखी बसत असे, तरी डोळे दारातून आतच असत. रविवारी हे अंडी फोडत, मीठ घालून काट्यानं घोटत आणि वाटी तशीच ठेवून दाढी करायला जात. मी कुरकुर करी, फोडून ठेवलेली अंडी सोडून काय आरशासमोर उभे राहता? पंधरा मिनिटांनी येत तेव्हा वाटीतल्या अंड्याचा रंग गडद केशरी झालेला असे आणि ते पातळ दिसे. मला वाटे, मिठानं पाणी सुटलं, आई बरोबरच सांगत होती. पण त्या प्लेटमध्ये पाणी कधीच दिसलं नव्हतं. ते अंड्यातच राहत होतं. दाढी म्हणजे आळस नव्हता, मिठाला वेळ देणं होतं. आणि आच! हे कढई सारखी गॅसवरून उचलत, परत ठेवत. मी म्हणे, "ठेवा ना एका जागी, गॅस जळून राहिला नुसता." हे म्हणत, "अंड्याले घाई सांगू नको. रागावते, आवळून बसते."

पन्नास वर्षं हे सगळं डोळ्यांसमोर होतं. मी फक्त खात होते.

दोन अंडी फोडली, मीठ घातलं, घोटली. श्वेता म्हणाली, "आई, मीठ आताच?" मी म्हटलं, "हो. आता यांची दाढी करते." खरोखरच वाडग्यात पाणी घेऊन यांच्या गालाला साबण लावला. माझ्या हातात रेझर पाहून नत्थूभाऊ म्हणाले, "साहेबाचा थाट आहे बा!" डावा गाल, उजवा गाल, हनुवटी. उजव्या बाजूला ओठाखाली जपून. पुसून झालं तेव्हा वाटीत तोच रंग आला होता, केशरी. किती महिन्यांनी पाहिला मी तो.

यांची चाकाची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली. आज हे मेमसाहेब आणि मी आत. गॅस अगदी बारीक केला. चमचाभर लोणी वितळलं, आवाजही झाला नाही. अंडं ओतलं. काही होईना. भुर्जीला सरावलेला माझा हात गॅसच्या बटणाकडे गेला.

"नाही," दारातून आवाज.

हात मागे घेतला. हलवत राहिले. कडेनं बारीक बारीक पिवळे कण धरू लागले, पेढ्यासाठी खवा धरतो तसे. तळ तापला की कढई उचलायची, हलवायचं, परत ठेवायची. मनगट दुखू लागलं. हळूहळू सगळं एकत्र दाटलं. तरी वरून ओलं होतं, चमकत होतं. मला वाटलं कच्चं आहे, अजून एक मिनिट राहू द्यावं. आजारी माणसाला कच्चं कसं द्यायचं?

"दूध!"

खणखणीत आला तो शब्द. विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरातून यावा तसा. कढई उचलली. खाली उतरवून मी नुसती हलवत राहिले आणि गॅस नसतानाही अंडं कढईच्या उरल्या उबेत शिजत गेलं. डोळ्यांदेखत कच्चा ओलेपणा गेला, चमक तेवढी राहिली. प्लेटमध्ये काढलं तेव्हा ते पसरलं नाही आणि ढिगासारखं उभंही राहिलं नाही. एक थेंब पाणी नाही.

चमच्याच्या टोकावर थोडंसं घेऊन यांच्या ओठांना लावलं. हनुवटी खाली, शिकवल्याप्रमाणे. गिळलं. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. नंतर मी मोजणं सोडून दिलं.

निम्मं संपल्यावर यांनी डावा हात उचलून मला थांबवलं. मला वाटलं, पोट भरलं. पण हात प्लेटकडे गेला. बोटाच्या मागच्या बाजूनं यांनी काठाला स्पर्श केला आणि माझ्याकडे पाहिलं. कपाळावर आठी.

"काय जी? काय झालं?"

नत्थूभाऊंनी खुर्चीवर हात आपटला. "पाह्य वैनी, पाह्य! प्लेट थंडी आहे मनून राहिला. गरम काहून नाही केली मनून राहिला उस्ताद!"

"हो," हे म्हणाले. आणि तोंड उघडलं, उरलेलं भरवून घ्यायला.

सोमवारी काट्यावर दोनशे ग्रॅम वाढलेले निघाले. डॉक्टरांनी नळी पुढच्या महिन्यावर ढकलली. आता रोज सकाळी अंडी फोडून मी यांची दाढी करते. मला यांच्याशी खूप बोलायचं असतं. अजनीचं, सासूबाईंचं, कोणत्या साहेबानं काय खाल्लं त्याचं. मी बोलते, हे ऐकतात. उत्तरं येत नाहीत. मी एकीकडे प्लेट गरम पाण्यात बुडवून ठेवते, कढई हलवते आणि दाराकडे कान लावून वाट पाहते.

ओलं दिसू लागलेलं आता मलाही ओळखता येतं. तरी मी उतरवत नाही. हाक येईपर्यंत थांबते.