दोन कोट आणि एक ठराव

कॉलेजच्या हॉकी संघाला ब्लेझर शिवायचे ठरले, तेव्हा केरबा माळवदेला वाटलं की आता शेवटची काही वर्षं बरी जातील. साल अठ्ठावन्न होतं. संस्थान विलीन होईपर्यंत तो दरबारच्या शिलाईखान्यात कोट शिवायचा. विलीनीकरणानंतर दरबारही गेला आणि कोट घालणारी माणसंही गेली. उरले ते लेंगे, पोलकी आणि वाढत्या पोटांसाठी उसवायच्या विजारी. शुक्रवार पेठेतल्या दुकानावर ‘कोट स्पेशालिस्ट’ ही पाटी अजून होती. ती काढायलाही शिडी लागते, आणि शिडीवर चढायचा केरबाला कंटाळा आला होता.

पंधरा ब्लेझर. मरून फ्लॅनेलचे, पितळी बटणांचे. हे काम मिळालं तर पाटी खोटी ठरणार नव्हती. नाही मिळालं तर ते मेन रोडवरच्या नव्या दुकानात जाणार होतं. तिथं आरसा माणसाच्या उंचीचा होता आणि मालक इंग्रजीत माप घ्यायचा.

सगळं जुळत आलं आणि अस्तरावर अडलं.

जिमखाना सांभाळणारे गणपतराव घोरपडे क्युप्रो या मऊ कापडाच्या बाजूचे होते, कारण त्यांच्या वडिलांच्या कोटाला तेच अस्तर होतं. रसायनशास्त्राचे कुरुंदवाडकर सर पॉलिएस्टरच्या बाजूचे होते, कारण त्यांच्या मेहुण्यानं विलायतेहून त्याचा तुकडा पाठवला होता. विलायतेहून आलेल्या वस्तूत खोट काढायची म्हणजे मेहुण्यातच खोट काढायची.

“केरबा, हे क्युप्रो म्हणजे काय ठाऊक आहे?” कुरुंदवाडकरांनी दुकानात येऊन विचारलं. “सरकीला चिकटून राहिलेला बारीक कापूस. तो तांब्याच्या द्रावणात विरघळवायचा आणि त्याचे धागे काढायचे.”

“सरकी म्हंजे म्हशीला घालतो ती?”

“तीच.”

“मग चांगलंच असणार की, सर. म्हस काय वंगाळ खात न्हाय.”

कुरुंदवाडकर हसले नाहीत. रसायनशास्त्रात त्याची सवय नव्हती. त्यांनी खिशातून मेहुण्याचा तुकडा काढला, दुकानाच्या बादलीत बुडवून पिळला आणि झटकला. “बघा. आटत नाही, मुडपत नाही, पाणी पीत नाही.”

“पाणी पीत न्हाय म्हणूनच तर भ्या वाटतंय. मानसाचा घाम कुटं जायचा मग? क्युप्रो तो पितंय आन् हवेला सोडतंय. ह्यो गडी अंगावर पत्र्यावानी बसंल.” केरबानं दोन्ही कापडांचा एकेक दोरा ओढून काडी लावली. क्युप्रोचा दोरा कागदासारखा जळून राख झाला. पॉलिएस्टरचा आधी आक्रसला, मग वितळून त्याचा काळा कडक मणी झाला. “आन् ह्येला आग सोसवत न्हाय. परटाला सांगून ठेवा.”

परटाला कोणी काही सांगितलं नाही. प्राचार्यांनी मात्र दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून तोडगा काढला. नमुन्याचे दोन ब्लेझर शिवायचे, एकाला क्युप्रो, दुसऱ्याला पॉलिएस्टर. दोघांनी पावसाळाभर आपापला घालायचा आणि दसऱ्याच्या आधी निकाल. विज्ञानासाठी आपल्या संस्थेत एवढा त्याग आधी कुणी केला नव्हता.

केरबानं फ्लॅनेल रात्रभर भिजत घातलं. चाळीस वर्षांचा शिरस्ता होता. लोकर पाण्यात आटते. मग ती माणसाच्या अंगावर आटण्यापेक्षा आपल्या दोरीवर आटलेली बरी. जून होता. कापड वाळेना. दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी गणपतरावांचा शिपाई कधी होणार म्हणून विचारून गेला, चौथ्या दिवशी गणपतरावच आले. कापड वाळून खाली उतरलं तेव्हा क्युप्रो भिजवायचं राहिलं होतं.

“अवो, अस्तर?” त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं विचारलं. कोटाचं अस्तर हातानं टाचायचं काम तिचं. अलीकडं तिची बोटं सकाळी मिटायची नाहीत.

“ऱ्हाऊ दे की. आत काय हाय आन् काय न्हाय, कोन बघतंय?”

बायडाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. दरबारात असताना हेच वाक्य बोलल्याबद्दल त्यानं एका कारागिराला दोन महिने कामाला बोलावलं नव्हतं. तिनं सुई ओवली.

बाकी त्यानं सगळं रीतसर केलं. क्युप्रोची कापलेली कड हात लावला की उसवते, म्हणून शिवणीला दोन बोटं कापड जास्त सोडलं आणि प्रत्येक कड गुंफून घेतली. पाठीत मधोमध सैल चुणी ठेवली, म्हणजे हात पुढं केला की अस्तर ताणणार नाही. पॉलिएस्टरचंही तसंच केलं. दोरा मात्र दोन्हीकडं नेहमीचाच, सुती वापरला. दुसरा कुठला होता?

दीड महिना कोट छान दिसले. कुरुंदवाडकर तासाला कोट काढून खुर्चीला अडकवायचे, कारण आत आंघोळ होत होती. पण विद्यार्थ्यांना ते ‘वेंटिलेशन’ म्हणायचे. गणपतरावांनी कोट काढला नाही, आणि त्यामुळं त्यांना मत बनवायची गरज पडली नाही.

श्रावणात दोघं नृसिंहवाडीला गेले. घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवर गणपतराव घसरले. कुरुंदवाडकरांनी त्यांना धरलं, पण दोघांपैकी गणपतराव जास्त वजनदार होते. अशा रीतीनं दोन्ही कोटांची, एकाच पाण्यात आणि एकाच वेळी, अगदी शास्त्रशुद्ध चाचणी झाली. परतल्यावर दोन्ही वाळवले आणि परटानं कोळशाच्या इस्त्रीनं आतून-बाहेरून शेकून दिले.

नंतरच्या आठवड्यात केरबाला कॉलेजात बोलावणं आलं.

प्राचार्यांच्या टेबलावर दोन्ही कोट पालथे पडले होते. केरबानं आधी क्युप्रोचा उचलला. बाहेरचं फ्लॅनेल जिथल्या तिथं होतं. आतलं अस्तर मात्र लांबीत दीड बोट आखडलं होतं, आणि आखडताना त्यानं खालची कड वर ओढली होती. कोटाचा घेर आत वळला होता, बाह्यांच्या टोकांना करंजीच्या कडेसारख्या चुण्या आल्या होत्या. पाठीतल्या चुणीनं रुंदी सांभाळली होती. लांबीला कुणी वाली नव्हता.

“बघितलंत?” कुरुंदवाडकर म्हणाले. “तुमच्या म्हशीचं खाद्य.”

“आणि तुमचं?” गणपतराव म्हणाले.

कुरुंदवाडकरांच्या कोटाचं अस्तर लांबीला जराही आटलं नव्हतं. पण प्रत्येक शिवण लाटेसारखी उठली होती, आणि आतल्या खिशाजवळ इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा एक तुकडा आक्रसून पापडासारखा कडक झाला होता.

“ती परटाची चूक,” कुरुंदवाडकर म्हणाले. “आणि शिवणी वाकड्या मारल्या ती शिंप्याची.”

“शिवन वाकडी न्हाय, सर.” केरबा थकल्यासारखा म्हणाला. “दोरा सुती हाय. सुती दोरा पान्यात आटला, ह्ये कापड आटलं न्हाय. दोरा आखूड आन् कापड लांब, मग ते गोळा हुतंय. पॉलिएस्टरला दोरा बी त्याच जातीचा लागतोय.”

प्राचार्यांनी चष्मा पुसला. ते दयाळू गृहस्थ होते आणि बैठक जेवणाआधी संपवायची त्यांची पद्धत होती. “हे पहा माळवदे, तुमच्या कोटाची बाहेरची शिलाई सगळ्यांना आवडली आहे. सरांचे मेहुणे पॉलिएस्टरचा तागा पाठवतील, दोराही पाठवतील. क्युप्रो हे अस्तरच नालायक आहे, असं तुमच्या अनुभवानं तुम्ही सांगा. मी तसं लिहून घेतो आणि पंधरा ब्लेझर तुमचे. अस्तरात दोष नसेल, तर मग दोष कारागिराचा ठरतो. तसं असेल तर मला मेन रोडला विचारावं लागेल.”

एका वाक्याचा प्रश्न होता. केरबानं कोटाच्या आत हात घातला. मऊ, थंड. उन्हाळ्यात पाठीवर कुणी गार हात ठेवावा तसं. इतकी वर्षं या कापडानं त्याचं एकदाही नाव खराब केलं नव्हतं.

“अस्तरात दोष न्हाय,” तो म्हणाला. “मी भिजवलं न्हाय ते. वरचं भिजवून आटवून घेतलं, आतलं कोरंच लावलं. वरचं कापड आटून बसल्यालं आन् आतलं आटायचं ऱ्हायल्यालं. मग पान्यात गेल्यावर ते एकटंच आटनार. कटाळा केला मी. चूक माजी हाय.”

संस्था स्थापन झाल्यापासून या टेबलापाशी ‘चूक माझी आहे’ असं कुणी म्हटल्याची नोंद नव्हती. त्यावर पुढं काय करायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गणपतराव खिडकीबाहेर पाहू लागले. कुरुंदवाडकरांनी कोटाची बाही उलटी केली, मग सुलटी केली.

“मग येतो मी,” केरबा म्हणाला आणि दाराकडं वळला.

“थांबा हो,” कुरुंदवाडकर म्हणाले. मग त्यांनी बराच वेळ लावून पुढचं वाक्य काढलं. “पत्र्याबद्दल बोलला होतात ना, ते... ते बरोबर होतं. पाठीला पुरळ उठलंय माझ्या.”

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. आता क्युप्रोच्या बाजूनं शिंपी होता, पण नमुना नव्हता. पॉलिएस्टरच्या बाजूनं मेहुणा होता, पण पाठ नव्हती. असा पेच सोडवण्यासाठीच समित्या असतात. वाद अस्तराचा आहे, तेव्हा अस्तरच नको, असा ठराव एकमतानं झाला. पंधरा ब्लेझर, बिनअस्तराचे, केरबा माळवदे यांजकडून.

“सायब,” केरबा दाराशीच म्हणाला, “अस्तर नसंल तर आतली परत्येक शिवन दिसनार. परत्येक कड पट्टीनं बांधून घ्यावी लागतीया. अस्तरापरास दुप्पट काम हाय ते.”

“असं कसं? एक कापड कमीच झालं की,” प्राचार्य म्हणाले आणि सही केली.

दुकानात बायडाबाई चहा घेऊन बसली होती. केरबानं झालेलं सगळं सांगितलं.

“म्हंजे काम मिळालं?”

“मिळालं.”

“आन् अस्तर टाचायचं न्हाय?” तिनं बोटं उघडून मिटून पाहिली. ती अर्धीच मिटली.

“न्हाय. आता आत काय हाय ते समदं गाव बघनार.”

बायडाबाई त्यावर हसली नाही. पण तिनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला, आणि तोही जास्त भरलेला.

कपाटात क्युप्रोचा उरलेला तागा होता. पंधरा कोटांच्या कडांना तिरप्या पट्ट्या कापायला पुरला असता. तिरपी पट्टी वळणावर चुणी देत नाही आणि उसवतही नाही. केरबानं तो उचलला, कात्री शोधली, मग कात्री परत ठेवली. परसात जाऊन त्यानं मोठं घमेलं पाण्यानं भरलं.

“आत्ताच?” आतून बायडाबाईनं विचारलं. “दमलायसा की.”

“दमलोय,” केरबा म्हणाला आणि तागा पाण्यात दाबून धरला. क्युप्रो लगेच पाणी पिऊ लागलं. हातात जड होत गेलं. ओल्या क्युप्रोला पिळायचं नसतं, ते तेव्हा लेकरासारखं नाजूक असतं. म्हणून त्यानं ते नुसतंच धरून ठेवलं, खाली बसून, बराच वेळ.