अठराची रात्र

शनिवारी दुपारी पावणेचार वाजता लांबडीचा फोन आला तेव्हा भिंगरीची आई नुकतीच झोपेतून उठून भांडी विसळत होती. औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या एकाच पाळीवर दोघी सात वर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या. लांबडीची उंची साडेपाच फूट, म्हणून साहेबही तिला 'लांब बाई' म्हणत, आणि जीभ त्याहून लांब.

"काय गं बाई, वीस तारीख तुला एकटीलाच हवी होती का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मी घर बदलतेय. वीसच्या संध्याकाळचा टेम्पो ठरवलाय, आगाऊ पैसे देऊन बसलेय. साहेब म्हणाले, वीसला आधीच दोघींची सुट्टी झालीय, तिसरी मिळणार नाही. त्या दोघींतली एक तू."

"अगं, भिंगरीच्या कानाचं ऑपरेशन आहे. तुला माहीत आहे ना."

"माहीत आहे. एकोणीसला सकाळी सातला दवाखान्यात हजर व्हायचंय, असं तूच सांगितलंस. मग अठराच्या रात्री कामावर कोण येणार, तुझं भूत? ती रात्र सकाळी सहाला संपते. तिथून बसने दवाखाना दीड तास."

आईच्या हातातलं पातेलं तसंच नळाखाली राहिलं.

कारखान्यात रात्रपाळीला ती ज्या दिवशी सुरू होते त्याची तारीख असते. मंगळवारी अठराला रात्री दहाला सुरू झालेली पाळी बुधवारी सकाळी संपते, पण कागदावर ती अठराचीच. हे तिला पाठ होतं. पण आज सकाळी पाळी सुटल्यावर बसमध्ये, डोळे मिटत असताना, तिने दवाखान्याच्या चिठ्ठीवरची तारीख पाहिली आणि साहेबांना लिहून टाकलं: 'साहेब, मुलीचं ऑपरेशन आहे, १९ आणि २० ची सुट्टी द्यावी.' साहेबांचं लगेच उत्तर आलं होतं: 'ठीक आहे. दोन दिवस दिले.' आणि ती निर्धास्त झोपून गेली होती.

"ऐकतेयस का? पुढच्या आठवड्याचा पाळीतक्ता आज पाचला लागतो," लांबडी म्हणाली. "एकदा लागला की साहेब खाडाखोड करत नाहीत. बघ बाई तुझं तू. माझी वीस तर गेलीच." आणि तिने फोन ठेवला.

आई हात न पुसताच खोलीत आली. भिंगरी जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. वय नऊ. डाव्या कानातून वर्षभर पाणी येत होतं. कानामागचं हाड आतून खराब होत चाललंय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. या तारखेसाठी आठ महिने थांबावं लागलं होतं. "ही चुकवू नका," डॉक्टर म्हणाले होते, "पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि तोवर जे ऐकू येतंय तेही जाईल." कागदावर सही आईची किंवा बापाचीच हवी. बाप ट्रक घेऊन दूर गेलेला, वीसच्या दुपारी परत येणार. आजी घरात होती, पण आजीची सही चालत नव्हती.

न सांगता घरी राहायचं, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. याच कानापायी तिच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. तिसरीला गेटवरूनच परत पाठवतात.

तिने फोन उघडला. सकाळचा मेसेज दाबून धरला. बदलायची सोय पाठवल्यावर पंधरा मिनिटंच असते, आणि आता नऊ तास होऊन गेले होते. पुसायची सोय मात्र अजून होती. चुकीचं ते डोळ्यांसमोर नकोच, असं तिला झालं. तिने तो मेसेज सगळ्यांसाठी पुसून टाकला आणि घाईघाईने लिहिलं: 'साहेब माफ करा १८ पण आहे चुकून राहिलं.'

चार मिनिटांनी उत्तर आलं.

'आता १८ पण? तीन दिवस मिळणार नाहीत. दोनच.'

"नाही हो, नाही!" ती फोनलाच म्हणाली. 'तीन नाही साहेब १८ आहे २० नाही म्हणजे १९ आहेच', तिने पाठवलं. मग स्वतःच वाचलं, आणि तिलाच धड कळेना. मग बोलून पाठवायला गेली. बोलता बोलता रडूच फुटलं. अर्ध्या मिनिटाच्या त्या निरोपात 'साहेब, माझी मुलगी' एवढंच काय ते समजण्यासारखं होतं.

कशालाच निळी खूण आली नाही. फोन लावला तर नुसताच वाजत राहिला. साहेब आत गेले असणार. आतल्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही, टोपी-झगे घालण्याच्या खोलीत कपाटात कुलूपबंद ठेवावा लागतो. चहाला ते साडेचारला बाहेर येतात, कपाटातून फोन काढतात, आलेले मेसेज बघत बघत तक्ता भरतात आणि पाचला फळ्यावर लावतात. त्या अर्ध्या तासात चाळीस जणींच्या चाळीस भानगडी.

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. कारखान्यात जाऊन भेटावं म्हटलं तर दीड तास.

"संपलं," ती आजीला म्हणाली. "आठ महिने मी काढले आणि एका मिनिटात मीच घालवले."

आजीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

भिंगरी उठून बसली. एका कानाने ऐकणाऱ्या मुलांचे डोळे फार लवकर शिकतात. आईच्या तोंडाकडे बघून तिला अर्धं कळलं होतं. तिने उजवा कान पुढे केला. "काय झालं?"

"काही नाही, तू गणितं कर."

"तू रडतेयस आणि काही नाही?"

आईने फोनच तिच्यापुढे धरला. भिंगरीने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. वर 'हा मेसेज पुसला आहे'. त्याखाली साहेबांचं 'ठीक आहे. दोन दिवस दिले.' मग आईची धावपळ.

"आई, हे कशाला ठीक आहे म्हणतायत?"

"सकाळच्या मेसेजला. तो मी पुसला."

"का पुसलास?"

"चुकीचा होता म्हणून."

"अगं, पण मग त्यांना कसं कळणार काय चुकलं होतं ते?" भिंगरीने आपली वही उघडून दाखवली. पानावर एका ठिकाणी ४७ वर एक आडवी रेघ होती, आणि शेजारी नीट ७४ लिहिलं होतं. "आमच्या बाई खोडरबर वापरूच देत नाहीत. चुकलेलं दिसलं पाहिजे, त्यावर एकच रेघ, आणि शेजारी बरोबर. घोटाळा केला की म्हणतात, ठमे, मला काय स्वप्न पडणारे का तुझं?"

आजीला त्यातही हसू आलं. आईला आलं नाही. पण तिने वही हातात घेतली आणि त्या रेघेकडे बघत राहिली.

"पण सांगायचं काय काय?" तिने विचारलं. खरं तर ती स्वतःलाच विचारत होती.

"साहेबांना काहीच आठवत नाही असं धर," भिंगरी म्हणाली. "आधी जुनं सांग. मग ते नको सांग. मग नवं. मग एकूण किती ते. उदाहरणाच्या खाली उत्तर लिहितात ना, तसं."

चार वाजून वीस मिनिटं. आई भिंतीला टेकून बसली आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहू लागली. आजी ऐकत होती, भिंगरी तिच्या ओठांकडे बघत होती. लिहून झाल्यावर तिने तो मेसेज तीनदा वाचला, दवाखान्याची चिठ्ठी शेजारी ठेवून.

'साहेब, वरचे माझे सगळे मेसेज सोडून फक्त हा धरावा.
सकाळी मी १९ आणि २० ची सुट्टी मागितली होती. तुम्ही दिली होती. ती तारीख माझ्याकडून चुकली. तो मेसेज मी पुसला, तीही चूक.
बरोबर असं: मंगळवार १८ ची रात्रपाळी आणि बुधवार १९ ची रात्रपाळी सुट्टी हवी. मुलीला घेऊन १९ ला सकाळी ७ वाजता दवाखान्यात हजर व्हायचं आहे.
गुरुवार २० ची सुट्टी नको. २० ला मी कामावर आहे.
एकूण दोनच दिवस, आधीइतकेच. जमेल की नाही तेवढं कळवावं.'

"बुधवार बरोबर आहे ना?" आजीने विचारलं. आईने पुन्हा कॅलेंडर पाहिलं. बरोबर होता. चार सव्वीसला मेसेज गेला.

मग काही करण्यासारखं उरलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. आईने मेसेज पुन्हा वाचला नाही, वाचला असता तर आणखी एक पाठवला असता. फोन तिने लाकडी पाटावर ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसली. साडेचार झाले. चार चाळीसला खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही.

"वाचलं," ती म्हणाली.

"मग?" आजी.

"मग काही नाही."

पावणेपाचला तिने फोनकडे हात नेला. "विचारते, की..."

"नको," भिंगरी म्हणाली. "बाई तपासत असताना मध्ये बोललं की त्या पहिल्यापासून मोजतात."

आईने हात मागे घेतला. तिच्या मनात तेव्हा नको नको ते येत होतं. अठराला पाळी नाकारून घरी राहायचं, नोकरी जाऊ द्यायची, आणि एकोणीसला सही करायची. सही तर करायचीच. मग पुढच्या महिन्यापासून औषधं कशी आणायची, हे तिने डोक्यात येऊच दिलं नाही.

भिंगरी पाटाशी आडवी झाली आणि चांगला कान फोनशेजारी लाकडाला टेकवला.

"काय करतेस?"

"असं ठेवलं की आधी कळतं. आतून येतं."

चार बावन्न. चार चोपन्न. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आजीने पाण्याचा तांब्या भरून आणला आणि कुणी प्यायलंच नाही.

"आलं!" भिंगरी ओरडली. फोनचा पडदा त्यानंतर उजळला.

आईला उघडवेना. भिंगरीनेच वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत.

'आता समजलं. १८ ला माणूस कमी पडत होता, म्हणून आधी नाहीच म्हणणार होतो. पण तुमची २० सुटली. लांब बाईंची आठवड्याची रजा १८ ला होती, ती २० ला नेली. त्या आनंदाने तयार आहेत. तुम्हाला १८ आणि १९ दिली. २० ला हजर राहा. तक्ता लावतोय.'

आईने तोंडावर पदर धरला आणि हमसून हमसून रडली. आजीने या वेळी तिला गप्प केलं नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी लांबडीने फळ्याचा फोटो पाठवला. कुणाकडून तरी मागवलेला, जरा वाकडा. अठराच्या रकान्यात आईच्या नावापुढे सुट्टीची फुली होती. एकोणीसच्या रकान्यातही. वीसच्या रकान्यात आधी फुली काढलेली दिसत होती, तिच्यावर एकच आडवी रेघ, आणि शेजारी 'हजर'. फोटोखाली लांबडीचं: 'टेम्पोवाल्याला हो म्हणाले. पोरीला सांभाळ. आणि बसमध्ये झोप, लिहू नकोस.'

आईने फोटो मोठा करून ती रेघ भिंगरीला दाखवली. भिंगरीने मान हलवली, जणू त्यात नवल काहीच नव्हतं, आणि पालथी पडून, राहिलेलं गणित पुढे सुरू केलं. मग मान वर न करताच म्हणाली, "आई, बुधवारी दुखेल का गं?"

आई उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, म्हणजे तिला नीट ऐकू यावं.

"दुखेल थोडं," ती म्हणाली. "पण मी तिथे असेन."