डुकराची धडक

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली पुसदच्या बाजारपेठेवर मरगळ होती. तिथल्याच एका गाळ्यात दीपा आणि अमर मोबाईलचा गेम बनवत होते. चित्रं आणि हालचाली दीपाच्या, प्रोग्रॅमिंग अमरचं. शेवटचा शत्रू होता एक अवाढव्य रानडुक्कर.

गेम खेळून बघायला दीपाची मावसबहीण प्रियंका आली. कॉलेजच्या कबड्डी संघातली, हार न मानणारी पोरगी. पण तिनं थोड्याच वेळात फोन खाली ठेवला.

"मी मेली कशी हेच समजलं नाही मले. तुमचं डुक्कर लबाडी करून राह्यलं, दादा."

अमरला ते झोंबलं. त्यानं धडकेआधीची तयारी लांबवली. डुक्कर आता बराच वेळ खूर घासत उभं राही. प्रियंका खेळली आणि जांभई देत म्हणाली, "याले भ्यायचं कायले?"

"सोपं केलं तं बोअर, कठीण केलं तं लबाडी," अमर वैतागला. "काय करू मी?"

दीपानं प्रियंकाचा खेळ रेकॉर्ड केला होता. तो ती हळू गतीनं पाहत बसली, आणि तिला दिसलं. धडक मारताना आणि सुळा फिरवताना डुक्कर सुरुवातीला अगदी सारखंच दिसत होतं. शिवाय प्रियंका वेळेवर बाजूला उडी मारत होती, पण धावता धावता डुक्कर तिच्याकडेच वळत होतं.

"ती चुकली नाही, अमर. आपण तिले वाचूच दिलं नाही."

दीपानं दोन वेगळ्या तयाऱ्या काढल्या. धडकेआधी मान खाली, पाठ ताठ, खुरांचा आवाज. सुळ्याआधी मान एका बाजूला आणि घशातून गुरगुर. अमरनं तयारीचा वेळ पुन्हा कमी केला, पण डुक्कर एकदा सुटलं की दिशा बदलणार नाही असं केलं. धडक हुकली की ते क्षणभर धापा टाकत थांबे. तेवढ्यात त्याच्यावर वार करायचा. धडकेचा वेग आणि मार मात्र त्यानं वाढवला.

प्रियंका पुन्हा बसली. पहिल्याच धडकेत उडाली. अमरनं डोळे मिटले.

"थांबा," ती म्हणाली. "खूर घासले होते त्यानं. मीच लवकर उडी मारली."

दीपानं अमरला कोपरानं ढोसलं. प्रियंका पुन्हा मेली, पुन्हा खेळली. आता तिचे खांदे पुढे झुकले होते, ओठ दाताखाली होते. गुरगुर ऐकली की ती मागे सरे, खूर वाजले की बाजूला. मग ती एवढी जोरात ओरडली की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला.

डुक्कर आडवं पडलं होतं.

"भारी आहे तुमचं डुक्कर," ती हसत म्हणाली. "पण मी जास्त भारी."

अमरनं दीपाकडे पाहिलं. दोघांना हसू आवरलंच नाही. झेरॉक्सवाल्यानं दुकान तसंच उघडं टाकून हात पुढे केला, "मले द्या बरं एकदा."