शनिवार की रविवार

विजयश्री चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं कंत्राटी कामगार होती. प्रेस मशीनचं संरक्षक कव्हर काढून काम करवून घेतात, हे तिनं सुरक्षा अधिकाऱ्याला सांगितलं, तेव्हा सुपरवायझर निरंजनला मेमो मिळाला.

पुढच्या महिन्यात कायम करण्यासाठी परीक्षा ठरली. निरंजननं लाइनच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोल टाकला : शनिवार दुपारी चार, की रविवार सकाळी दहा?

बुधवारी आणि शनिवारी दुपारी विजयश्रीच्या नवऱ्याचं, ज्योतीरामचं, पिंपरीला डायलिसिस असायचं. तिनं रविवारवर टिक केलं आणि खाली लिहिलं, ‘शनिवारी मिस्टरांचं डायलिसिस असतं.’

संध्याकाळपर्यंत रविवारला एकवीस मतं होती, शनिवारला पाच. रात्रीच्या जेवणाआधी तिनं पुन्हा पाहिलं, तर रविवारला सतरा. मग बारा. तिनं मतं कुणाची ते उघडलं. एकेक नाव रविवारखालून निघून शनिवारखाली जात होतं. शेजारच्या मशीनवरच्या करिष्माचंही गेलं.

तिनं करिष्माला फोन लावला.

“सरांनी एकेकाला फोन केला गं,” करिष्मा म्हणाली. “शनिवार टाका म्हणाले. मी काय करणार?”

शेवटी रविवारखाली एकटं विजयश्रीचं नाव उरलं. निरंजननं पोलखाली लिहिलं, ‘बहुमतानं शनिवार दुपारी चार. गैरहजर राहील त्याचा विचार होणार नाही.’ खाली अंगठ्यांची रांग लागली.

दुसऱ्या दिवशी ती डायलिसिस सेंटरमध्ये गेली. रविवारी सकाळी नऊला येणाऱ्या कुसुमताईंच्या हातापाया पडून तिनं वेळ बदलून घेतली. शनिवारी त्या येणार, रविवारी ज्योतीराम. मग ग्रुपवर लिहिलं, ‘सर, रविवारचं डायलिसिस ठरवलं. मी शनिवारी येते.’

शनिवारी तिनं गणवेशाला इस्त्री केली. अडीचला मेसेज आला : ‘आजची परीक्षा रद्द. उद्या सकाळी दहाला. वेळ अंतिम.’ या वेळी पोल नव्हता.

तिनं सेंटरला फोन केला. कुसुमताईंना मशीन लावून तासभर झाला होता. आज दुसरी जागा नव्हती.

मग तिनं निरंजनला फोन केला. “सर, मला सोमवारी घ्या. एकटीला घ्या.”

“ताई, रविवार तुम्हालाच पाहिजे होता ना? एकमेव मत तुमचंच होतं.” त्यानं फोन ठेवला.

रविवारी ज्योतीरामचे पाय सुजले होते. “मला आत सोडून तू जा,” तो म्हणाला. सेंटरवाल्यांनी सांगितलं, सोबत माणूस असल्याशिवाय मशीन लावणार नाही. नवराबायकोला जवळचं दुसरं माणूस नव्हतं. दहा वाजले तेव्हा ती त्याच्या पायाशी स्टुलावर बसली होती. त्यानं डोळे मिटून घेतले होते, झोप लागली नव्हती.

आठवड्यानं यादी लागली. चौदा नावं होती. करिष्मा पेढ्यांचा बॉक्स घेऊन लाइनवर आली, विजयश्रीपाशी थांबली, आणि घे म्हणायचं धाडस होईना म्हणून बॉक्स नुसता पुढे धरून उभी राहिली.

“हात तेलकट आहेत माझे,” विजयश्री म्हणाली.