एकाच भांड्यातली खीर

निपाणीजवळच्या त्या गावात कमलाच्या हातच्या खपली गव्हाच्या खिरीला तोड नव्हती. लेक प्रिया उद्या पहाटे साध्वीची दीक्षा घ्यायला घर सोडणार होती. उद्यापासून तिचा गुळाचा त्याग, तोही जन्मभराचा. म्हणून जाताना तिनं आईकडं एवढंच मागितलं होतं, "आई, आज सांजच्याला तुझी खीर कर."

चिकोडीचे पाव्हणे आले आणि पंधरा पानांची तीस झाली. कमलानं गहू दुप्पट भिजवले, पाणी दुप्पट घेतलं. वेळ मात्र नेहमीचीच धरली, इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. नेहमीच्या पसरट पातेल्यात एवढं मावेना, म्हणून माळ्यावरचं उंच पितळी भांडं खाली आलं.

"वैनी, दोन पातेल्यांत घाला, दोन शेगड्यांवर," जाऊ राजाबाई म्हणाली. "एका शेगडीवर एवढं कवा शिजायचं?"

"लेकीची शेवटची खीर दोन भांड्यांत फोडू व्हय? एकाच भांड्यात हुईल!"

माया आंधळी असते म्हणतात. कमलाची तर हट्टीही होती. जाळ तेवढाच आणि ओझं दुप्पट, त्यामुळं उकळी यायलाच नेहमीच्या दुप्पट वेळ गेला. दिवस कलायला लागला. जैनाचं घर, सूर्य मावळल्यावर तोंडात कण जायचा नाही. घाबरून तिनं शेगडी मोठी केली, तर एवढ्या खोल भांड्यात खाली खीर लागायला लागली आणि वर गहू टणकच. गूळ आधी घालावा तर गहू शिजायचंच विसरतो.

शेवटी तळाला लागलेली खरवड न हलवता वरची खीर तिनं दोन पातेल्यांत ओतली. दोन शेगड्यांवर ती भराभर रटरटू लागली. हेच आधी केलं असतं तर!

प्रिया दारात आली. "आई, हाय तशी दे. कच्ची असली तरी चालंल मला."

"न्हाय गं बाळ. बिनगुळाचे, कच्चे गहू वाढू व्हय तुला? जरा थांब."

"ऊन चाललंय, आई."

"जरा थांब गं!"

गहू मऊ झाले. गूळ विरघळला, खोबरं पडलं, वेलदोडा पडला. कमलानं वाटी भरली, वर तुपाची धार सोडली आणि ती धावतच अंगणात गेली. तिथं तिचा नवरा जिनाप्पा पश्चिमेकडं बघत उभा होता. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सूर्य बुडाला होता.

आतापर्यंत हसतमुखानं निरोप देणाऱ्या कमलाचा बांध फुटला. "कच्चीच द्यायची हुती गं मी," ती हंबरडा फोडून म्हणाली, "तू मागत हुतीस!"

प्रियानं आईच्या हातातली वाटी धरली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून उभी राहिली.

"लई चांगली झालीया, आई," ती म्हणाली आणि भरलेली वाटी तिनं तशीच परत दिली.