डावीकडे चिकटलेल्या तारखा

आमचं दुकान दोन खोल्यांचं. पुढे टेबल, कॉम्प्युटर आणि गिऱ्हाइकांना बसायला बाक. मागे माझं प्लास्टर, ओव्हन आणि कात्र्या. ज्यांचे पाय वाकतात किंवा कमजोर असतात त्यांच्यासाठी मी प्लास्टिकचे स्प्लिंट बनवतो. बहुतेक लहान मुलं. पायाचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेलं प्लास्टिक बसवायचं, कापायचं, कडा घासायच्या, पट्टे लावायचे. एवढं माझं काम. कुणाचं काय आणि कधीपर्यंत द्यायचं, हे सगळं बायको बघायची.

त्यासाठी तिने एक्सेलमध्ये शीट केलं होतं. प्रत्येक कामाची एक ओळ, त्यात नाव, माप, द्यायची तारीख आणि दिल्याची तारीख. रंगांचे नियमही तिनेच लावले. दिल्याची तारीख भरली की ओळ हिरवी. द्यायची तारीख उलटली की लाल. तीन दिवसांवर आली की पिवळी. बाकी पांढरी. हिरव्याचा नियम तिने सगळ्यांच्या वर ठेवला होता, कारण सुरुवातीला उशिरा दिलेली कामं दिल्यावरही लालच राहायची आणि मी ती मागच्या खोलीत शोधत बसायचो. मला म्हणायची, तुम्हाला वाचायला सांगितलं तर आधी चष्मा शोधाल, रंग तरी लांबून दिसतील.

ती दहा दिवस दवाखान्यात होती. मी दिवसा साचे घ्यायचो आणि संध्याकाळी मापाच्या चिठ्ठ्या तिच्याकडे न्यायचो. ती पडल्या पडल्या मोबाइलवर त्या शीटमध्ये भरायची. एका हातात सलाईन, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप करायची. मी म्हणालो, राहू दे, मी भरतो. ती म्हणाली, तुम्ही भराल आणि मग मलाच निस्तरावं लागेल.

ते निस्तरायला ती परत आली नाही.

दोन आठवडे दुकान बंद होतं. उघडलं तेव्हा शीटमध्ये सात ओळी लाल होत्या. मला बरंच वाटलं. काय करायचं ते कळत होतं. वरून खाली एकेक काम संपवत गेलो आणि दिल्याची तारीख टाकत गेलो, ओळी हिरव्या होत गेल्या. खाली अकरा ओळी पांढऱ्या होत्या. दवाखान्यातून तिने भरलेल्या. त्यांच्या तारखा कप्प्यात डाव्या कडेला चिकटलेल्या होत्या, वरच्या सगळ्या उजवीकडे. ते मला दिसलं होतं. पण ती दमली होती, तेव्हा अक्षरही थोडं कलणारच, असं काहीतरी मनात आलं आणि मी पुढे गेलो. पांढरं म्हणजे वेळ आहे. तिने सांगून ठेवलं होतं.

लाल संपल्यावर मी चार दिवस नुसता बसून होतो. पिवळं काही होईना. म्हटलं, लोकांनी येणंच बंद केलं असेल.

पाचव्या दिवशी एक बाई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, प्लास्टर लावून सरळ केलेलं. ते तसंच राहावं म्हणून ती रोज झोपताना स्प्लिंट घालते. जुना लहान झाला होता. नव्याचा साचा मीच घेतला होता. बाई बाकावर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली, घाई नाही, फक्त विचारायला आले. मी शीट बघितलं. ओळ पांढरी. मी सांगितलं, अजून वेळ आहे.

तिने मुलीचा मोजा काढला. टाचेवर लाल चट्टा होता, मधोमध कातडी सोललेली. जुना घालवेना म्हणून गेले आठ दिवस तिने काहीच घातलं नव्हतं. पाऊल थोडं आत जायला लागलं होतं.

"काकूंनी मला फोनवर तारीख दिली होती," ती म्हणाली. "ती होऊन सतरा दिवस झाले. पण काकूंचं कळलं. तुम्हाला कसं विचारायचं, म्हणून थांबले."

ती माझ्यासाठी थांबली होती आणि मी रंगासाठी. मुलगी मात्र माझ्याकडे बघून हसत होती, कारण काकांकडे आलं की पट्ट्याचं चित्र निवडायला मिळतं हे तिला माहीत होतं. मी साचा पुन्हा घेतला, पाऊल थोडं बदललं होतं म्हणून. परवा सकाळी या, असं सांगितलं.

ती गेल्यावर सुनेला फोन केला. ती एका गोदामाच्या ऑफिसात मालाच्या याद्या सांभाळते. दुपारच्या सुट्टीत आली, डबा टेबलावर ठेवला आणि शीटकडे बघून लगेच म्हणाली, "बाबा, या तारखा नाहीतच."

तारखा समोर दिसत होत्या. मी तसं म्हणालो. तिने समजावून सांगितलं. आई दुकानात दिवस, महिना, वर्ष यांच्यामध्ये तिरकी रेघ द्यायच्या. मोबाइलवर ती रेघ शोधायला कीबोर्डचं दुसरं पान उघडावं लागतं, टिंब मात्र अंगठ्याखालीच असतं. त्यांनी टिंबं दिली. आपल्या कॉम्प्युटरला टिंबं दिलेली तारीख कळत नाही, तो ती नुसती अक्षरं समजतो. अक्षरं डावीकडे बसतात, तारखा उजवीकडे. आणि अक्षरांची आजच्या तारखेशी तुलना करून ती उलटली असं त्याला कधीच म्हणता येत नाही. म्हणून ना पिवळं, ना लाल.

टिंबाच्या जागी रेघ घातली की झालं, एका बटणात सगळ्या बदलतील, असं म्हणत तिने बोट पुढे केलं.

"थांब," मी म्हणालो. "एकदम नको. एकेक कर."

तिने माझ्याकडे बघितलं. आधी त्या पानाची नक्कल केली आणि सांगितलं, आईंनी लिहिलेलं इथे जसंच्या तसं राहील, याला कुणी हात लावणार नाही. मग मूळ पानावर एकेक तारीख बदलायला घेतली. प्रत्येक तारीख डावी कड सोडून उजवीकडे जात होती आणि बहुतेक ओळी लाल होत होत्या. मी नाव मोठ्याने वाचायचो, ती पुढची घ्यायची. आठ लाल झाल्या, दोन पिवळ्या. एक पांढरी राहिली, तिला खरोखरच वेळ होता. सुनेची सुट्टी कधीच संपली होती. डबा तसाच होता.

जाताना तिने द्यायच्या तारखेच्या रकान्याला एक नियम लावला. यापुढे खरी तारीख नसेल तर शीट ती घेणारच नाही.

"आईलाही नाही म्हणालं असतं?" मी विचारलं.

"आईंनाही."

"मग तुझी खैर नव्हती, सूनबाई."

ती हसली आणि तशीच थोडी रडली. मग मला अर्धा डबा खायला लावून गेली.

त्याच दुपारी मी उरलेल्या सातही घरी फोन केले आणि खरं कारण सांगितलं. कुणी रागावलं नाही. दोघं तर माझ्याशीच सांभाळून बोलले, त्याचा जास्त त्रास झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आली. मी टाचेला आतून मऊ पॅड लावलं होतं आणि चट्ट्याच्या जागी थोडी पोकळी ठेवली होती. पाऊल अलगद आत बसलं. पट्ट्यावर तिने मासा निवडला. मी दहा मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं, मग काढून कातडी बघितली. कुठे लाल झालं नव्हतं. पाऊल पुन्हा सरळ आणता येईल, डॉक्टरांना एकदा दाखवा, असं तिच्या आईला सांगितलं.

त्या गेल्यावर चष्मा लावला, दिल्याच्या तारखेचा कप्पा शोधला आणि एका बोटाने तारीख टाकली, रेघा देऊन. ओळ हिरवी झाली. मग नक्कल केलेलं पान उघडलं. तिथे मुलीची तारीख अजून डावीकडेच होती. थोडा वेळ बघितली, पान मिटलं आणि पुढच्या लाल ओळीचं माप घेऊन मागे गेलो.