गटातले चौघे

वकीलबाईंनी काकांचा फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या बराच वेळ वाचत राहिल्या.

"काका, या गटात तुमचा एकही संदेश नाही. घरमालक विचारतात, 'महिनाअखेरीला घर सोडताय ना?' आणि खाली त्यांचंच, 'ठीक आहे, तसंच करू.' मधे तुम्ही काय लिहिलं होतं?"

काका खुर्चीत आक्रसले. त्यांची सगळी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. त्या दिवशी घाईघाईत टाइप केलेल्या मजकुरात चार चुका राहिल्या होत्या. त्या पाहवेनात, म्हणून रात्री त्यांनी स्वतःचे संदेश पुसून टाकले.

"मी लिहिलं होतं, हिची नजर पूर्ण गेली आहे, हे घर हिला हाताने पाठ आहे, अजून दोन वर्षं राहू द्या. त्याला ते 'ठीक आहे' होतं."

"वाचणारा मात्र उलटंच समजेल. तुम्ही घर सोडायला तयार झालात, असं."

शेजारी बसलेल्या काकू काठीची मूठ चाचपत होत्या. स्वयंपाकघरात किती पावलांवर पाट येतो, मोरीची कडा कुठे उंच आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायची गरज पडत नसे. नव्या घरात त्यांना पुन्हा लहान मुलासारखं भिंत धरून चालावं लागलं असतं.

"भाऊंना सगळं ठाऊक आहे," काका म्हणाले. "त्यांनीच हा गट काढला. पुसता पुसता माझ्याकडून त्यांचाही एक संदेश गेला, पण ते सांगतील."

भाऊ म्हणजे ज्यांनी हे घर मिळवून दिलं ते दलाल. आले की थेट स्वयंपाकघरात जायचे आणि काकूंना म्हणायचे, "काकू, चहात साखर टाका हो, आम्हाला अजून साखरेचा आजार नाही." काकांना मुलगा नव्हता. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ती जागा हळूहळू भाऊंनी घेतली होती.

काकांनी फोन केल्यावर भाऊ वकीलबाईंकडेच आले, घाम पुसत बसले.

"काका, माझ्याकडे काय मागता? मी फोन बदलला. जुनं सगळं गेलं."

"पण तुम्हाला आठवतं ना?" काकांनी विचारलं.

"रोज दहा जणांशी बोलतो. कोण काय म्हणालं, कुठवर लक्षात ठेवू?" भाऊ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "आणि खरं सांगू? मालकांना घर विकायचंय. गिऱ्हाईक मीच आणलंय. तुम्हाला दुसरं बघून देतो, त्यात काय."

आपणच ते संदेश पुसले, मग यांना काय बोल लावायचा, असं काकांच्या मनात आलं. पण मनात दुखत होतं ते दुसरंच.

"गटात आणखी कोण होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"ही. हिचा फोन आलेले संदेश मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून हिलाही गटात घेतलं होतं. पण मी पुसलं म्हणजे तिथूनही गेलंच असणार."

"नाही हो! तुम्ही फक्त आपल्या फोनवरून पुसलं. सगळ्यांसाठी पुसलं असतं, तर त्या जागी 'हा संदेश पुसला आहे' असं तुम्हालाही दिसलं असतं. इथे तसं काही नाही."

भाऊ उठू लागले होते, ते थांबले. काकूंना वाचता येत नाही, म्हणून बहुधा भाऊंनी त्यांना कधी मोजलंच नव्हतं.

काकूंनी पिशवीतून फोन काढला आणि बोटाने मागे मागे जात राहिल्या. मग यंत्राचा सपाट आवाज खोलीत घुमला. मालकांचा प्रश्न. काकांची चार चुकांची विनंती, चुकांसकट. मालकांचं 'ठीक आहे'. आणि त्याखाली भाऊंचा मजकूर: "काकू, झालं ना काम? दोन वर्षं निर्धास्त राहा. मी आहे साक्षीला."

त्या आवाजात ना लाड होता, ना राग. काकांना वाटलं, तोच आवाज भाऊंचा खरा असावा.

"येतो मी," भाऊ म्हणाले. चहा कुणी विचारला नाही.

दार लागल्यावर वकीलबाई कामाला लागल्या. "आता ऐका. हा फोन बदलायचा नाही, दुरुस्तीलाही द्यायचा नाही. संभाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खं काढू. हवं तेवढंच कापून चालत नाही. नावाऐवजी नंबर आणि तारखा दिसल्या पाहिजेत. हे याच फोनमधलं आहे, असं प्रमाणपत्र काकूंनी सही करून जोडायचं. तुमच्या फोनमधली गाळलेली जागाही आपणच सांगू, लपवायची नाही. म्हणजे आपली बाजू मांडता येईल. पुढचा निर्णय माझ्या हातात नाही. आणि मालक फोनवर काही बोलले, की लगेच त्यांना लिहून पाठवायचं, 'आत्ता आपलं असं ठरलं.'"

"आणि भाऊंचं ते?" काकूंनी विचारलं. "तेवढं एक पुसलं तर? रोज हात लागतो तिथे."

"एक अक्षरही नाही, काकू. गटातून बाहेरही पडू नका."

घरी आल्यावर काकू भिंत न धरता स्वयंपाकघरात गेल्या. काका ओसरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून फोनचा आवाज आला. गटात नवा संदेश होता. यंत्र वाचत होतं: "काकू, रागावलात का?"

कपबशा लावण्याचा आवाज थांबला. काका उठून आत गेले. काकूंचा अंगठा काचेवर टेकला होता, पण हलत नव्हता.

"राहू दे," काका म्हणाले. "तेही ठेवायचंय."